वर्गाची घटना लिहून घेताना: सहा तासिकांचं नियोजन आणि दुरुस्तीचा नियम

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला नागरिकशास्त्र शिकवते. पट ४२, त्यात २५ मुलगे आणि १७ मुली. संविधान दिनानिमित्त मुलांकडून वर्गाची घटना लिहून घ्यायची आहे. गेल्या वर्षी केलं तेव्हा तक्ता भिंतीवर लागला आणि पुन्हा कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. यंदा दुरुस्तीची सोयही ठेवायची आहे. पाठनियोजन कसं करू? बहुमताने दुरुस्ती ठेवली तर चालेल ना?

उत्तर:

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नुसत्या बहुमतावर ठेवू नका. तुमच्या वर्गात त्याचं काय होईल, ते तुम्ही दिलेल्या पटावरूनच पुढे मांडून दाखवतो.

त्याआधी भिंतीवरच्या तक्त्याबद्दल. असे तक्ते मी बऱ्याच शाळांत वाचले आहेत. ‘वर्गात शांतता राखावी’, ‘वेळेवर यावे’, ‘मोठ्यांचा आदर करावा’. अक्षर मुलांचं असतं आणि सूचना आपल्या असतात. त्यातून कोणाच्याही अधिकारात काहीच बदल होत नाही, म्हणून मुलं तिकडे परत बघत नाहीत. कोणाला काय ठरवता येतं आणि त्याचा अधिकार कुठे थांबतो, हे घटना सांगते. वर्गमंत्र्याने फळ्यावर नावं लिहावीत का, पुढच्या बाकावर कोण बसणार हे कोणी ठरवायचं, खेळाची तासिका गणिताला द्यायची तर कोणाला विचारायचं, हे घटनेचे विषय. ते लिहिले गेले की मुलं तक्त्यापाशी जातात, कारण भांडण झालं की त्यांना तो लागतो.

मी हा उपक्रम सातवीला सहा तासिकांत घेतो, आठवड्याला दोन. म्हणजे २६ नोव्हेंबरला स्वीकार करायचा तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात हवी. दिवाळीची सुट्टी उशिरा संपत असेल तर तारीख पुढे जाऊ द्या, पण तासिका कापू नका. सातवीच्या नागरिकशास्त्राचं पुस्तक संविधानावरच आहे, त्यामुळे या तासिका अभ्यासक्रमाबाहेरच्या ठरत नाहीत. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा.

पहिल्या तासिकेत पहिली दहा मिनिटं तुमची. वर्गाला काय ठरवता येणार नाही, ते फळ्यावर लिहून द्या. शाळेची वेळ, अभ्यासक्रम, परीक्षा आणि सुरक्षिततेचे नियम वर्गाच्या हातात नाहीत. मारणं, अंगठे धरून उभं करणं, अपमान करणं अशा शिक्षा घटनेत घालता येणार नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती मुलांनी मुलांना द्यायच्या शिक्षेलाही लावलीच पाहिजे. पैशांचा दंडही नको. ही मर्यादा सुरुवातीलाच सांगा. नंतर मध्येच ‘हे चालणार नाही’ म्हटलंत की मुलांना वाटतं, शेवटी बाईंना हवं तेच होणार, आणि तिथून पुढे ती तुमच्या मनातलं उत्तर शोधायला लागतात. आपल्या लोकशाहीतही कायदे करणाऱ्यांवर अशी मर्यादा आहेच. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा संविधानाच्या कलम १३ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्द ठरतो.

उरलेला वेळ चिठ्ठ्यांना. प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा द्या आणि विचारा, ‘वर्गात काय झालं की तुला अन्याय झाल्यासारखं वाटतं?’ नाव लिहायचं नाही. ‘कोणते नियम हवेत?’ असं विचारलंत तर शांतता आणि स्वच्छताच येईल. अन्याय विचारला की खरं येतं. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. एखादीत घरातली किंवा छळाची गंभीर गोष्ट निघाली तर ती वर्गासमोर आणायची नाही, तिच्यासाठी वेगळी कारवाई करावी लागते. बाकीच्या चिठ्ठ्या विषयांप्रमाणे लावा. साधारण पाच-सहा ढीग होतात: बसण्याची जागा, कामं, वर्गमंत्री, खेळाचं साहित्य, शिक्षकांचं वागणं, चिडवणं.

दुसऱ्या तासिकेत सहा-सहा जणांचे सात गट. गट तुम्ही पाडा, मैत्रीप्रमाणे होऊ देऊ नका. प्रत्येक गटाला एक ढीग द्या. ढीग कमी पडले तर मोठ्या ढिगाचे दोन भाग करा. गटाने त्यावर दोन किंवा तीन कलमं लिहायची. एका कलमात एकच वाक्य. कोणी, काय आणि केव्हा करायचं, हे त्यातून कळलं पाहिजे. पारखायची एक सोपी रीत मुलांना शिकवा: उद्या हे कलम मोडलं तर ते मोडलं की नाही, हे दोन वेगवेगळ्या मुलांना सारखंच सांगता येईल का? ‘सर्वांनी शिस्त पाळावी’ या परीक्षेत नापास होतं. ‘खेळाची तासिका दुसऱ्या विषयासाठी घ्यायची असल्यास शिक्षकांनी आदल्या दिवशी कारण सांगावे आणि त्याच आठवड्यात ती परत द्यावी’ हे पास होतं. हे वाक्य मुलांकडूनच आलेलं आहे आणि थोड्याफार फरकाने ते बहुतेक वर्गांत येतं. तुमच्या वर्गात आलं तर खोडू नका. शिक्षकाला बांधणारं निदान एक कलम घटनेत टिकलं, तरच ही घटना आपली आहे हे मुलांना पटतं. अर्थात ते तुम्हाला पाळता येईल असं हवं. ‘गृहपाठ देऊ नये’ पाळता येणार नाही. ‘एका दिवशी दोनपेक्षा जास्त विषयांचा लेखी गृहपाठ देऊ नये’ याबद्दल इतर शिक्षकांशी बोलून बघता येईल. त्यांनी मान्य केलं तरच ते ठेवा.

तिसऱ्या तासिकेला प्रत्येक गटातून एक अशी सात जणांची मसुदा समिती. पेन तुमच्या हातात नको. समितीचं काम नवे विचार आणायचं नाही. परस्परविरोधी कलमं शोधायची, भाषा सारखी करायची आणि क्रमांक द्यायचे, एवढंच तिने करायचं. त्या वेळात उरलेली मुलं उद्देशिकेसाठी शब्द गोळा करतात. तयार मसुदा निदान चार-पाच दिवस भिंतीवर राहू द्या, आणि ज्याला बदल सुचवायचा आहे त्याने नाव घालून चिठ्ठी शेजारच्या पाकिटात टाकायची. संविधानाचा मसुदाही फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांसमोर आला आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी तो सभेत मांडला. मधले महिने सूचनांसाठीच होते. हे मुलांना सांगितलं की चार-पाच दिवस थांबण्याचं कारण त्यांना कळतं. चौथ्या तासिकेत एकेक कलम वाचून मतदान. हात वर करून चालतं, पण चिडवणं आणि कामवाटप या विषयांवर चिठ्ठीनेच मत घ्या. मित्राकडे बघून हात वर होतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

पाचवी तासिका फक्त दुरुस्तीच्या नियमाला. ती पूर्ण द्या, कारण सगळ्या उपक्रमातली सर्वांत दमदार चर्चा इथे होते. मी फळ्यावर वर्गाचाच पट लिहितो आणि दोन प्रसंग मांडतो. तुमच्या आकड्यांनी करून दाखवतो.

पहिला प्रसंग. समजा घटनेत कलम आहे की बाकांची जागा दर सोमवारी बदलेल. डिसेंबरात कापूस वेचणी चालू आहे, वाड्या-वस्त्यांवरची मुलं येत नाहीत. वर्गात ३३ जण आहेत. कोणीतरी प्रस्ताव मांडतो की वार्षिक परीक्षेपर्यंत जागा बदलणं बंद करावं, आता आहे तेच राहू द्यावं. तिघे कुठेच मत देत नाहीत. उरलेल्या तीसपैकी २० बाजूने, १० विरुद्ध. मुलांना विचारा, मंजूर का? साध्या बहुमताने मंजूर. हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशाने बघितलं तरीही मंजूर, कारण तीसचे दोन-तृतीयांश वीसच होतात. आता विचारा की जे नऊ जण शेतावर आहेत, त्यांचं काय? परत आल्यावर त्यांना उरलेला सबंध काळ मागचा बाक. इथे वर्ग ढवळून निघतो. ‘मग त्यांनी यायचं होतं’ असं एक जण म्हणतो, ‘ते काय मजेने गेलेत का’ असं दुसरा म्हणतो.

ती चर्चा तापली की संविधानातलं दुरुस्तीचं कलम ३६८ काढा. संसदेच्या प्रत्येक सभागृहात दोन अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश हवेत, आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त हवेत. पुस्तकात ही ओळ मुलं पाठ करतात आणि विसरतात. इथे ती त्यांना आपल्या कामाची म्हणून भेटते. ४२ च्या निम्म्याहून जास्त म्हणजे २२. वीस मतांनी प्रस्ताव पडतो. गैरहजर मुलाला मत देता आलं नाही, पण त्याची जागा हिशेबात धरली गेली. दुसऱ्या अटीचं काम हेच आहे, आणि सातवीतल्या मुलाला ते या बाकांवरून पक्कं समजतं.

दुसरा प्रसंग. दोन्ही अटी घातल्या. आता एखादा प्रस्ताव आणतो की वर्ग झाडायचं काम मुलींनी करावं आणि पाणी मुलांनी आणावं. त्या दिवशी २५ मुलगे हजर आहेत आणि ११ मुली, कारण सहा जणी आलेल्या नाहीत. सगळे मुलगे बाजूने, सगळ्या मुली विरुद्ध. ३६ जणांचे दोन-तृतीयांश २४. बाजूने २५. एकूण पटाचं बहुमत २२, तेही झालं. प्रस्ताव दोन्ही अटींतून सुटून मंजूर होतो. हे गणित मुलांनाच फळ्यावर करू द्या. आकडा कितीही वर नेला तरी तुमच्या वर्गात मुलींचं संरक्षण त्या दिवशीच्या हजेरीवर किंवा मुलग्यांच्या संख्येवर अवलंबून राहतं. दोन-तृतीयांश एकूण पटाचे म्हटले तर २८ लागतील आणि प्रस्ताव पडेल, हे खरं. पण पुढच्या वर्षी मुलगे २९ असले तर?

मग मुलांना विचारायचा प्रश्न हा: सगळ्यांनी हात वर केले तरी बदलता येऊ नये असं आपल्या घटनेत काय आहे? इथे घाई करू नका, दहा मिनिटं जाऊ द्या. मुलं बोलत बोलत तीन-चार गोष्टींवर येतात. प्रत्येकाला एक मत. मुलगा-मुलगी, जात, धर्म यावरून काम किंवा जागा ठरणार नाही. कोणाला मारायचं किंवा अपमान करायचा नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय नाही. या यादीला मुलांनी दिलेलं नाव चालू द्या. ‘पायाची कलमं’ हे मी ऐकलेलं सर्वांत आवडलेलं नाव. मग केशवानंद भारती खटला थोडक्यात सांगता येतो. २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा असा निकाल दिला की संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, मात्र घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. तेरा न्यायाधीश आणि एका मताचा फरक, हे ऐकून मुलं सावरून बसतात, कारण अशा मतदानाची गंमत आणि भीती दोन्ही त्यांनी नुकतीच अनुभवलेली असते.

याच तासिकेत एखादं तल्लख मूल एक पळवाट शोधतं. नाही शोधली तर तुम्ही विचारा. पायाची कलमं बदलायला बंदी आहे, पण दुरुस्तीचा नियमच बदलला तर? आधी ‘यापुढे साधं बहुमत पुरे’ अशी दुरुस्ती करायची, ती बंदी काढायची आणि मग हवं ते करायचं. म्हणून दुरुस्तीचं कलम सुद्धा कुलपात ठेवावं लागतं. आपल्या संविधानातही कलम ३६८ मध्ये बदल करायचा तर संसदेतल्या विशेष बहुमताखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते.

मात्र सगळंच कुलपात घातलं तर घटना पहिल्याच महिन्यात अडते, म्हणून खालचा थर सोपा ठेवा. पाणी कोणत्या क्रमाने आणायचं, पुस्तकपेटीची किल्ली कोणाकडे, यासाठी हजर असलेल्यांचं साधं बहुमत पुरे. हेही संविधानात आहे. नवं राज्य करणं किंवा सीमा बदलणं कलम ३ प्रमाणे साध्या बहुमताच्या कायद्याने होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते अशाच कायद्याने. एवढी मोठी गोष्ट सोप्या वाटेने आणि दुसरी एखादी कठीण वाटेने का, यावर मुलं वाद घालतात. घालू द्या.

तर पाचव्या तासिकेच्या शेवटी तीन थर ठरलेले असावेत: कुलपातली पायाची कलमं आणि दुरुस्तीचं कलम, मधली दोन्ही अटींनी बदलणारी कलमं, आणि खालची साध्या बहुमताची. प्रत्येक कलमापुढे ते कोणत्या थरातलं, हे मुलांनी खडूने लिहायचं. शिवाय तीन बारीक गोष्टी ठरवून टाका. प्रस्तावावर निदान पाच जणांच्या सह्या हव्यात. तो मांडल्यापासून मतदानापर्यंत तीन शाळेचे दिवस जावेत, म्हणजे गैरहजर मुलांपर्यंत निरोप पोचतो. आणि पडलेला प्रस्ताव महिनाभर परत आणता येणार नाही, नाहीतर दर शुक्रवारी तोच वाद.

एखादा प्रस्ताव पायाच्या कलमांना धक्का लावतो की नाही, हे कोणी ठरवायचं? तुम्ही ठरवलंत तर सगळं पुन्हा तुमच्याकडे आलं. मी दर महिन्याला चिठ्ठी टाकून तीन मुलं निवडतो, मसुदा समितीतली वगळून, आणि सोबत दुसऱ्या वर्गाचे एक शिक्षक घेतो. निर्णय कारणासह दोन ओळींत लिहून द्यायचा, ही सक्ती ठेवतो. चौघे दोन-दोन असे अडले तर जुनं कलम कायम. तुमचा नकाराधिकार मात्र पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या मर्यादेपुरताच ठेवा, आणि तो वापरलात तर दोन दिवसांत कारण लिहून भिंतीवर लावा.

सहाव्या तासिकेत उद्देशिका आणि सह्या. उद्देशिका शेवटी लिहायला सांगतो, कारण पाच तासिका भांडल्यावर मुलांना आपल्याला काय हवं होतं ते कळलेलं असतं. आधी लिहून घेतली तर पुस्तकातली उद्देशिका थोडी फिरवून येते. विरोधात मत दिलेल्या मुलांनीही सही करायची का, हा प्रश्न हमखास येतो. मी त्यांना सांगतो की सहीचा अर्थ ‘हे मला आवडलं’ असा नाही. ‘हे ठरवण्यात मी होतो आणि बदल हवा तर याच वाटेने करीन’ असा आहे. तरीही एखाद्याने नकार दिला तर जबरदस्ती करू नका.

आता लागू कधी करायची. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं आणि २६ जानेवारी १९५० ला अमलात आलं, पण निवडणुकीचं कलम ३२४ आणि आणखी काही कलमं स्वीकाराच्या दिवसापासूनच लागू होती. वर्गाला दोन महिने थांबणं जड जातं. वर्गमंत्री निवडीचं कलम लगेच आणि बाकीची १ डिसेंबरपासून, असं मी करतो.

खरी परीक्षा जानेवारीत होते. तोवर एकही दुरुस्ती आली नसेल तर घटना झोपली आहे असं समजा. कोणतं कलम गेल्या पंधरवड्यात एकदाही वापरलं नाही आणि कोणतं रोज मोडलं जातं, हे परिपाठानंतरच्या पाच मिनिटांत विचारा. रोज मोडलं जाणारं कलम बहुधा चुकीचं लिहिलेलं असतं. एका वर्गात ‘मधल्या सुट्टीनंतर दोन मिनिटांत जागेवर बसावे’ हे रोज मोडत होतं. मुलांनी स्वतः जाऊन बघितलं तर हात धुवायला नळ एकच होता आणि रांग लांब. त्यांनी दोनाची सात मिनिटं केली, आणि नळाचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. याच्या उलट, दर आठवड्याला दुरुस्ती येत असेल आणि प्रस्तावावर सह्या करणारे पाच चेहरे तेच असतील, तर वर्गातला एक गट घटना चालवतो आहे. तेव्हा सह्या निदान तीन वेगवेगळ्या रांगांतून आल्या पाहिजेत, अशी दुरुस्ती मुलांनाच सुचवा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. वर्गात आधीच दोन तट पडलेले असतील, गावातल्या निवडणुकीमुळे असं होतं, तर चौथ्या तासिकेतलं सगळंच मतदान चिठ्ठीने घ्या. पट दहा-बारा असलेल्या शाळेतून कोणी हे वाचत असेल, तर तिथे दोन-तृतीयांशचा हिशेब फारसा उपयोगाचा नाही. एक भावंडांची जोडी फिरली की निकाल फिरतो. तिथे मधला थर काढून दोनच थर ठेवा आणि पायाची कलमं जास्त घ्या. इतर विषयशिक्षक तयार नसतील तर त्यांना बांधणारी कलमं घालू नका, फक्त तुमच्या तासिकांपुरती घटना करा. लहान पण पाळली जाणारी घटना चालते.

सहा तासिका मिळत नसतील तर गट आणि मसुदा समिती एकत्र करा, उद्देशिका घरून लिहून आणायला सांगा, आणि मतदान दोन-तीन वादाच्या कलमांपुरतं घ्या. तीन तासिकांतही होईल. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या आणि फळ्यावर पट लिहून केलेला दुरुस्तीचा हिशेब, या दोन गोष्टी मात्र गाळू नका. आणि हिशेबासाठी आकडे माझे घेऊ नका. त्या दिवसाचा हजेरीपट उघडा आणि त्यातले घ्या.